सुतळीने मोजलेला कोन

सायकल स्टँडवर लावा. मागच्या चाकाच्या मध्यापासून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत सुतळी ताणा आणि बरोबर तेवढा तुकडा कापून घ्या. आता तोच तुकडा टायरच्या कडेवर वळवून बसवा आणि त्याच्या दोन्ही टोकांशी खडूने खूण करा. या दोन खुणांपासून चाकाच्या मध्याकडे रेषा ओढल्या, तर त्यांच्यामध्ये जो कोन होतो तो एक रेडियन. अकरावीच्या मुलांना हे फळ्यावर सांगितलं की ती पाठ करतात आणि विसरतात. सुतळी हातात दिली की विसरत नाहीत.

चाक बालवाडीतल्या पोराच्या सायकलीचं असो की ट्रॅक्टरचं, हा कोन तेवढाच येतो, सुमारे ५७.३ अंश. चाक दुप्पट मोठं झालं की सुतळीही दुप्पट होते, त्यामुळे कोन हलत नाही. अंशाचं तसं नाही. वर्तुळाचे ३६० भाग माणसाने सोयीसाठी पाडले. ३६० ला पुष्कळ आकड्यांनी भाग जातो, म्हणून ते हिशेबाला बरे पडतात. पण वर्तुळात स्वतःत ३६० असं काही नसतं. रेडियनमध्ये कोन मोजताना आपण वर्तुळालाच विचारतो, ‘तुझी त्रिज्या तुझ्या कडेवर किती वेळा बसली?’ पूर्ण फेरीत ती २π वेळा, म्हणजे सुमारे ६.२८ वेळा बसते. अर्ध्या फेरीत π वेळा, पाव फेरीत π/२ वेळा.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’त ज्यांचे, म्हणजे आजच्या साइनचे, कोष्टक दिले. त्यामागे त्रिज्या धरली आहे ३४३८. हा विचित्र वाटणारा आकडा येतो कुठून? वर्तुळाच्या ३६० अंशांच्या २१,६०० कला होतात. परिघ २१,६०० कलांचा धरला, तर त्याच एककात त्रिज्या सुमारे ३४३८ कलांची निघते. कंस आणि त्रिज्या एकाच मापाने मोजायच्या, हाच तो विचार. ३४३८ ला ६० ने भागून पाहा, ५७.३ येतात. आपल्या सुतळीचेच अंश.

एवढं कळलं की कंसाच्या लांबीचं सूत्र वेगळं शिकावं लागत नाही. कोन म्हणजे ‘कडेवर किती त्रिज्या बसल्या’ असेल, तर कडेची लांबी म्हणजे तितक्या त्रिज्या:

s = rθ

इथे s ही कंसाची लांबी, r ही त्रिज्या आणि θ हा रेडियनमधला कोन.

आता भिंतीवरच्या घड्याळाकडे या. मिनिटकाटा १५ सेंटिमीटर लांब आहे असं धरू. चार वाजल्यापासून चार वीसपर्यंत तो फेरीचा एक तृतीयांश फिरतो, म्हणजे २π/३, सुमारे २.०९४ रेडियन. त्याचं टोक चाललं १५ × २.०९४, म्हणजे ३१.४ सेंटिमीटर. शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा किंचित जास्त. तासकाटा १० सेंटिमीटरचा असेल, तर तेवढ्याच वेळात त्याचं टोक जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकतं. लंडनच्या बिग बेनचा मिनिटकाटा सुमारे ४.२ मीटर लांब आहे. एका मिनिटात तोही आपल्या घरच्या काट्याइतकाच, ०.१०५ रेडियन, फिरतो. पण त्याचं टोक तेवढ्यात ४४ सेंटिमीटर पुढे जातं आणि आपल्या घड्याळातलं दीड सेंटिमीटरच्या आसपास. कोन एकच, फरक सगळा त्रिज्येचा.

काट्याने नुसती कड काढली नाही, तबकडीचा एक तुकडाही झाडून काढला. पाठ्यपुस्तकात त्याला वर्तुळपाकळी म्हणतात. तिचं क्षेत्रफळ समजायला दारातलं काथ्याचं गोल पायपुसणं डोळ्यांसमोर आणा, एकाबाहेर एक वेटोळी शिवलेलं. त्याची एक पाकळी कापली आणि वेटोळ्यांचे तुकडे सरळ करून एकाखाली एक मांडले, तर मध्याजवळचा तुकडा सर्वांत आखूड, बाहेरचा सर्वांत लांब, आणि मधले एकसारखे वाढत गेलेले. आकार होतो त्रिकोणाचा. त्याचा पाया म्हणजे बाहेरचा कंस आणि उंची म्हणजे त्रिज्या. त्रिकोणाचं क्षेत्रफळ आपल्याला सातवी-आठवीपासून ठाऊक आहे: निम्मा पाया गुणिले उंची. म्हणून

A = ½ × s × r

आणि s च्या जागी rθ घातलं की A = ½ r²θ. काथ्या जितका बारीक, तितका त्रिकोण चोख. आपल्या मिनिटकाट्याने वीस मिनिटांत झाडलेली जागा ½ × ३१.४ × १५, म्हणजे साधारण २३५ चौरस सेंटिमीटर. काटा दुप्पट लांब केला तर टोकाची वाट दुप्पट होते, पण जागा चौपट होते, कारण त्रिकोणाचा पाया आणि उंची दोन्ही वाढतात.

चूक होते ती बहुतेक दोन ठिकाणी. पहिली, काट्याची लांबी मोजताना. पुष्कळ घड्याळांत काट्याला मध्याच्या पलीकडे छोटी शेपटी असते. तिच्यासकट मोजलं की त्रिज्या फुगते. मोजायचं ते खिळीपासून टोकापर्यंतच. दुसरी चूक जास्त नेहमीची: सूत्रात रेडियनऐवजी अंश घालणं. १५ × १२० केलं की उत्तर येतं १८०० सेंटिमीटर. वीस मिनिटांत काट्याचं टोक अठरा मीटर चाललं! पूर्ण फेरीचा परिघच ९४ सेंटिमीटर आहे, तेव्हा कंस त्याहून लहानच असणार. हा ताळा दर वेळी करावा. एका फेरीच्या आतला कोन ६.२८ पेक्षा मोठा दिसला, तर तो रेडियन नाही.

सुतळीच्या चाकाकडे परत जाऊ. चाक न घसरता गडगडत पुढे जातं, तेव्हा टायरची जेवढी कड रस्त्याला लागते तेवढंच अंतर कापलं जातं. म्हणजे s = rθ इथेही लागू, आणि θ कितीही मोठा असू शकतो. त्रिज्या ३५ सेंटिमीटर असेल, तर चाक एक रेडियन फिरलं की सायकल ३५ सेंटिमीटर पुढे जाते आणि एका फेरीत २.२ मीटर. एक किलोमीटरला २८५७ रेडियन, सुमारे ४५५ फेऱ्या. सायकलचा मीटर हेच करतो. तो अंतर मोजत नाही, फेऱ्या मोजतो आणि आपण भरलेल्या मापाने गुणतो.

इथेच मेख आहे. हवा कमी असली किंवा स्वार जड असला की टायर खाली दबतो आणि एका फेरीत सायकल थोडी कमी पुढे जाते, जणू त्रिज्याच घटली. ती ३५ ऐवजी ३४ भरली, तर मीटर एक किलोमीटर दाखवेल तेव्हा प्रत्यक्षात ९७१ मीटरच झालेले असतील. म्हणून रिकाम्या सायकलीवर घेतलेलं माप मीटरला देऊ नका. हवा नीट भरा, टायरवर आणि त्याखालच्या जमिनीवर खडूची खूण करा, सीटवर बसून कुणाला तरी सायकल ढकलायला सांगा आणि चाकाच्या पाच फेऱ्या मोजा. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजून पाचाने भागा. जो आकडा येईल तोच मीटरमध्ये भरा.