एकोणिसावा अर्ज

शाळेच्या दाखल्याप्रमाणे गुरुजींची जन्मतारीख १ जून १९४८. त्या पिढीतल्या गावाकडच्या निम्म्या माणसांची जन्मतारीख १ जूनच असते, कारण पोराचं नाव शाळेत घालायला नेलं की मास्तर तीच लिहून टाकत. पण १ जून १९४८ याच दिवशी पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी सुटली. हे गुरुजींच्या कधीतरी वाचनात आलं आणि तेव्हापासून ते एसटीला आपली जुळी बहीण म्हणतात. "तिची तारीख तरी खरी आहे," असंही वर म्हणतात.

मराठवाड्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात, हमरस्त्यावरच्या फाट्यापासून सात किलोमीटर आत त्यांचं गाव आहे. गावाचं आणि गुरुजींचं नाव मी इथे देत नाही. ती त्यांचीच अट आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून नोकरी करून ते २००६ साली निवृत्त झाले. गावात तेव्हा मुक्कामी गाडी यायची. रात्री आठला आलेली गाडी पहाटे साडेसहाला निघायची, शिवाय दिवसाची एक फेरी असायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाड्या थांबल्या, पुढच्या वर्षी कर्मचाऱ्यांचा लांबलेला संप झाला आणि एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. गावची गाडी मात्र परतली नाही. जुलैमध्ये गुरुजींनी जिल्हाधिकाऱ्यांना पहिला अर्ज लिहिला.

तो अर्ज मी पाहिला आहे. अक्षर असं की त्यावरून कित्ता गिरवावा. पण मजकूर? गावाची परंपरा, गावातून घडलेले फौजी आणि तलाठी, विद्यार्थ्यांचे हाल, वृद्धांचे हाल, आणि शेवटी "तरी मायबाप सरकारने बस सुरू करावी ही नम्र विनंती." तीन आठवड्यांनी उत्तर आलं: आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव विभाग नियंत्रकांकडे अग्रेषित करण्यात आला आहे.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्यावी लागते. जिल्हाधिकारी एसटीचा साहेब नव्हे. एसटी हे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालणारं महामंडळ आहे. कुठल्या गावाला कोणती फेरी जाईल, हे आगार आणि त्याच्या वरचं विभागीय कार्यालय ठरवतं. त्यामुळे अर्जाची वाट ठरलेली असते. कलेक्टर कचेरीच्या बारनिशीत त्याला क्रमांक पडतो, तिथून तो विभाग नियंत्रकांकडे, तिथून आगार व्यवस्थापकाकडे आणि तिथून वाहतूक निरीक्षकाच्या टेबलावर जातो. निरीक्षक अहवाल देतो आणि तो त्याच पायऱ्यांनी वर चढतो. अर्जदाराला अहवालाचा शेवटचा शब्द कळतो, तोही कळला तर: "सध्या शक्य नाही."

गुरुजींनी दुसरा अर्ज लिहिला, तिसरा लिहिला, चौथ्याला ग्रामसभेचा ठराव जोडला. प्रत्येकाची पोच घेतली आणि फाईलला लावली. आठव्या अर्जापर्यंत मजकूर जवळजवळ तोच होता, फक्त 'नम्र' हा शब्द गळला होता. नववा अर्ज घेऊन ते महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज चाळून परत केला. लोकशाही दिनात वैयक्तिक गाऱ्हाणीच घेतात. गावाला गाडी हवी, हा सार्वजनिक प्रश्न.

"मग फाट्यापर्यंत मी एकटाच चालत आलो ते?" गुरुजींनी विचारलं.

कारकून हसला. पण जाताना त्याने हळूच सांगितलं, "गुरुजी, अर्ज करत बसू नका. अहवाल मागा."

त्या सल्ल्याने प्रकरण फिरलं, असं मला वाटतं. गुरुजींनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात आपल्या आठही अर्जांवरचे अहवाल मागितले. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं. आठ अर्जांवर मिळून अहवाल एकच होता, पुढच्या सात वेळा त्याचाच हवाला दिलेला. त्यात तीन कारणं होती: पूर्वीच्या फेरीचं भारमान अत्यल्प, रस्ता अरुंद, दुतर्फा झाडोरा, गावात गाडी वळवण्यास जागा नाही.

भारमान म्हणजे गाडीत जितक्या जागा आहेत त्यातल्या किती भरल्या, याची टक्केवारी. साधी गाडी ४४ आसनांची धरू. दिवसाच्या जुन्या फेरीला गावातून तालुक्याला जाताना नऊ माणसं असायची, येताना पाच. जाऊन-येऊन जागा ८८, भरलेल्या १४. म्हणजे भारमान सोळा टक्के. सोळा टक्क्यांच्या फेरीवर आगाराने फुली मारली तर त्याला दोष देता येत नाही. गुरुजींना हा आकडा खोटा वाटला. खोटा नव्हता, हे त्यांना फाट्यावर बसल्यावर कळलं.

कारण मग ते खरंच फाट्यावर जाऊन बसले. एक वही, दोन जुने विद्यार्थी आणि आळीपाळीने सलग दोन आठवडे, सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. गावाकडून कोण आलं, कशाने आलं, किती वाजता, कुठे निघालं, याची नोंद त्यांनी केली. बाजाराचा दिवस वेगळा काढला, कारण त्या दिवसाच्या गर्दीवर रोजची गाडी चालत नाही. वहीतून जे निघालं त्याने गुरुजी दोन दिवस गप्प होते. सकाळी साडेआठ ते सव्वानऊच्या मध्ये चाळीसच्या आसपास पोरं-पोरी फाट्यावर यायची. काही चालत, काही दुधाच्या गाडीवर, बाकीची काळी-पिवळीच्या टपाला लोंबकळत. तालुक्याच्या शाळेची घंटा पावणेदहाला. आणि जुनी एसटी गावातून सुटायची दहाला, कारण कधीकाळी ती कचेऱ्यांच्या वेळेला धरून लावली होती. म्हणजे ज्यांना रोज जायचं होतं ते गाडी येण्याआधीच गेलेले असायचे. त्याहून वाईट हे, की गुरुजींनी आठही अर्जांत "पूर्ववत दहा वाजता गाडी सोडावी" असंच लिहिलं होतं. चुकलेलं वेळापत्रक ते सुवाच्य अक्षरात परत मागत होते.

वेळ बदलली की गणितही बदलतं. सकाळी पावणेनऊला गावातून चाळीस निघाले आणि त्याआधी गाडी गावात येताना तीनच जण असले, तरी ८८ पैकी ४३, म्हणजे एकोणपन्नास टक्के. गाडी गावात येताना रिकामी असते हेच खरं दुखणं. मुक्कामी गाडीचा शहाणपणा इथे होता. ती रात्री माणसं घेऊन यायची आणि सकाळी माणसं घेऊन जायची, रिकामा हेलपाटा एकही नाही. पण तिच्या चालक-वाहकाला निजायला खोली, पाणी आणि संडास गावाने द्यायला हवा. या गावात ते दोघे मारुतीच्या देवळात सतरंजीवर झोपायचे. त्या गाडीसाठी कुणी राजी होत नसे, यात नवल काय?

उरली रस्त्याची दोन कारणं. ती एसटीच्या हातातलीच नव्हती. गावचा डांबरी रस्ता पावणेचार मीटर रुंद आणि एसटी अडीच मीटर. समोरून ट्रॅक्टर आला की गाडीने साईडपट्टीवर उतरायचं, आणि तिथे वेडी बाभूळ थेट काचेपर्यंत आलेली. हा रस्ता जिल्हा परिषदेचा, म्हणून बाभूळ तोडणं तिच्या बांधकाम विभागाचं काम. गाडी वळवायची जागा मात्र ग्रामपंचायतीची. अकरा-एक मीटर लांबीची गाडी चौकात वळत नाही. वाहकाला शिट्ट्या मारत ती मागे घ्यावी लागते आणि अशा वेळीच अपघात होतात. गुरुजींनी बांधकाम विभागाला फक्त बाभळीबद्दल अर्ज केला, सोबत कुठून कुठपर्यंत ते अंतर मोजून दिलं. ते काम दीड महिन्यात झालं. शाळेमागच्या गायरानात ग्रामपंचायतीने मुरूम टाकून जागा दाबून घेतली. तिथे तालुक्याहून कुणीतरी लग्नाला आणलेली खाजगी बस वळवून बघितली, फोटो काढला आणि फाईलला लावला.

तरीही आगार नाही म्हणालं. गाडीच नव्हती, आणि हे खरं होतं. टाळेबंदीआधी एसटीकडे सुमारे अठरा हजार गाड्या होत्या, नंतर जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या आणि त्या मानाने नव्या आल्या नाहीत. आगारात प्रत्येक गाडीचा दिवस आधीच बांधलेला असतो, त्याला तिथे 'नियत' म्हणतात. गुरुजींच्या गावाला नवी फेरी द्यायची तर दुसऱ्या कुणाच्या गावची काढायला हवी. व्यवस्थापकाने हे तोंडावर सांगितलं आणि गुरुजींना तो माणूस त्या दिवसापासून आवडायला लागला.

आता जिल्हाधिकाऱ्यांकडे परत जायचं कारण मिळालं, आणि या वेळी ते कारण त्यांच्या खुर्चीशी जुळणारं होतं. राज्यातल्या मागास १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रम चालतो. त्यातून गावच्या मुलींना बारावीपर्यंत शाळेत नेण्या-आणण्यासाठी निळ्या गाड्या दिलेल्या आहेत. गाडी एसटी चालवते, पैसा या कार्यक्रमाचा, आणि त्याच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी. गुरुजींच्या तालुक्यात अशी एक निळी गाडी शेजारच्या गावापर्यंत येऊन परत फिरत होती. तिथून गुरुजींचं गाव चार किलोमीटर.

एकोणिसावा अर्ज एका पानाचा आहे. परंपरा नाही, फौजी नाहीत, मायबाप नाही. विषय: निळ्या गाडीची फेरी चार किलोमीटर वाढवणेबाबत. खाली आठवी ते बारावीच्या ३१ मुलींची शाळेच्या सही-शिक्क्याची यादी, फाट्यावरच्या नोंदींचा एका ओळीचा गोषवारा, बाभूळ तोडल्याचं पत्र, वळणाच्या जागेचा फोटो आणि हवी ती वेळ: आठ पन्नास. प्रत माहितीस्तव: आगार व्यवस्थापक. समितीच्या पुढच्या बैठकीत विषय आला, निरीक्षक गाडी घेऊन रस्ता बघून गेला, आणि जून २०२४ मध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यात गाडी गावात आली. बायकांनी बॉनेटवर नारळ फोडायचं ठरवलं होतं. चालकाने काचेची काळजी करून तो खाली दगडावर फोडायला लावला.

मुलींना तिकीट नाही. मुलं तिसरा हिस्सा भरून महिन्याचा पास काढतात, बायकांना अर्धं तिकीट. गुरुजींनी २०२३ मध्येच पंच्याहत्तरी गाठली, म्हणजे त्यांना प्रवास फुकट. तेव्हा ते म्हणायचे, सरकारने मला मोफत केलंय, आता फक्त गाडी पाहिजे.

मी गेलो तो मे महिन्याचा शेवट होता. फाट्यावर उतरलो आणि चालतच गाव गाठलं, कारण निळी गाडी शाळेची. सुट्टीत आणि रविवारी ती येत नाही. उन्हात दवाखान्याला जायचं तर पुन्हा काळी-पिवळी. ओसरीवर गुरुजी वही उघडून बसले होते आणि समोर नववीतली नात. "रविवारी सकाळी फाट्यावर कितीजण आले?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, अकरा. "अकरा कमी आहेत," गुरुजी म्हणाले. "या आठवड्यात अजून मोज. दोन लग्नं आहेत, ती माणसं वेगळी लिही."