उपमा आणि रूपक

कवितेत दोन वेगळ्या वस्तूंमधले साम्य दाखवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत, उपमा आणि रूपक. उपमेत एक वस्तू दुसरीसारखी असते. रूपकात ती दुसरीच होऊन जाते.

उपमा: आईचा शब्द सावलीसारखा थंड होता.

रूपक: आईचा शब्द ही सावलीच होती.

पहिल्या वाक्यात उपमेची चारही अंगे आहेत. ज्याचे वर्णन करायचे तो ‘शब्द’ हे उपमेय, ज्याच्याशी तुलना केली ती ‘सावली’ हे उपमान, ‘थंड’ हा दोघांतला समान गुण आणि ‘सारखा’ हा साम्य सांगणारा शब्द. येथे शब्द आणि सावली शेजारी उभे राहतात, पण वेगळेच राहतात. शिवाय कोणता गुण घ्यायचा हे कवीनेच ठरवून दिले आहे.

दुसऱ्या वाक्यातून ‘सारखा’ गेला आणि ‘थंड’ही गेला. आता सावलीचा कोणता गुण शब्दात आहे हे वाचकाने शोधायचे. गारवा, आसरा की सतत सोबत असणे? रूपकाचे बळ या मोकळीकीत आहे. सातव्या शतकाच्या सुमारास दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात रूपकाला भेद झाकला गेलेली उपमाच म्हटले आहे.

केवळ ‘सारखा’, ‘सम’, ‘परी’ असे शब्द शोधून मात्र अलंकार ओळखता येत नाही. ‘तो सारखा बोलतो’ यात तुलनाच नाही, आणि ‘दोघे भाऊ सारख्या उंचीचे आहेत’ हे साधे मोजमाप आहे. ‘जणू’ आला की बहुधा तिसराच अलंकार असतो, उत्प्रेक्षा. त्यात एक वस्तू दुसरी असावी अशी कल्पना केलेली असते.

खरी परीक्षा सामासिक शब्दांत होते. ‘चरणकमल’ म्हणजे कमळासारखे चरण, की चरण हेच कमळ? हे त्या शब्दावरून कळत नाही, पुढच्या क्रियापदावरून कळते. ‘चरणकमल चालू लागले’ असे म्हटले तर चालणे पायांचे काम आहे. उपमेय प्रधान राहिले, म्हणून उपमा. ‘चरणकमल उमलले’ म्हटले तर उमलणे कमळाचे. चरण कमळात मिसळून गेले, म्हणून रूपक. संस्कृत काव्यशास्त्राने हीच कसोटी वापरली आहे आणि मराठी कवितेलाही ती लागू पडते.

रूपक फसते तेही क्रियापदाशीच. शब्दाला एकदा सावली केले की पुढे ‘त्या सावलीत पोर विसावले’ असे यायला हवे. ‘त्या सावलीने कान सुखावले’ असे आले तर कवी मध्येच पुन्हा शब्दाकडे वळलेला असतो आणि रूपक मोडते. म्हणून कवितेत रूपक भेटले की त्याच्या लगतची क्रियापदे उपमानाला शोभतात का, हे वाचकाने आधी पाहावे.