शून्य आणि एक यांच्या मधोमध

समजा, पाण्याच्या पाइपवर बसवलेलं एक मापक आहे. किती पाणी वाहिलं हे ते दर क्षणी एका तारेतून शेजारच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळवतं. बोर्डावरची चिप ती माहिती वाचते आणि पंप चालू-बंद करते. सगळं तपासून झालेलं आहे, प्रोग्रामात चूक नाही. तरी हे यंत्र मधूनच अडकून बसतं. वीज बंद करून पुन्हा दिली की सुरळीत चालू लागतं. बिघाड शोधायला कुणी तारा जोडून बसलं, तर तो नेमका दिसत नाही. असं दुखणं ज्यांच्या वाट्याला आलंय, त्यांनी एक शंका आवर्जून तपासावी : बाहेरून येणारी तार चिपच्या क्लॉकशी जुळवून घेतली आहे का?

डिजिटल चिपमधली बहुतेक कामं क्लॉकच्या ठोक्यावर चालतात. १०० मेगाहर्ट्‌झचं क्लॉक सेकंदाला दहा कोटी ठोके देतं, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये १० नॅनोसेकंद असतात. प्रत्येक ठोक्याला फ्लिप-फ्लॉप नावाचं छोटं सर्किट आपल्या तोंडाशी असलेला सिग्नल पाहतं, तो ० आहे की १ हे ठरवतं आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तेच उत्तर धरून ठेवतं. त्याची एक अट असते. ठोक्याच्या थोडं आधीपासून थोडं नंतरपर्यंत सिग्नल स्थिर हवा. चिपच्या आतले सिग्नल त्याच क्लॉकवर चालतात, त्यामुळे ही अट पाळली जाईल अशी रचना करता येते. मापकाकडून येणाऱ्या तारेला मात्र आपल्या क्लॉकचा पत्ताच नसतो. ती कधीही बदलते, आणि कधी ना कधी नेमकी ठोक्याच्या क्षणीच बदलते.

त्या वेळी आत काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. फ्लिप-फ्लॉपच्या पोटात दोन इन्व्हर्टर एकमेकांना जोडलेले असतात. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला जातं, दुसऱ्याचं पहिल्याला. एक ‘१’ म्हणाला की दुसरा ‘०’ म्हणतो, आणि ही जोडी एकमेकांना टेकू देत तशीच राहते. अशा दोन पक्क्या अवस्था असतात. पण त्या दोहोंच्या बरोबर मध्ये तिसराही एक समतोल असतो. तिथे व्होल्टेज धड वर नसतं, धड खाली नसतं, आणि दोन्ही इन्व्हर्टर एकमेकांना अधांतरी तोलून धरतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडलेलं पाणी कोकणात उतरतं किंवा देशावर वाहून जातं. पण अगदी धारेवर पडलेला थेंब आधी तिथेच घुटमळतो, तशी ही अवस्था. तिला मेटास्टेबिलिटी म्हणतात.

ही अवस्था टिकाऊ नसते. मध्यबिंदूपासून व्होल्टेज किंचित जरी ढळलं, तरी इन्व्हर्टर तो फरक वाढवत नेतात, आणि फरक जितका मोठा तितका तो वेगाने वाढतो. ठरावीक वेळात तो २.७१८ पट होतो. या वेळाला टाऊ (τ) म्हणतात. पुरेसे टाऊ उलटले की उत्तर एका बाजूला लागतंच. अडचण सुरुवातीच्या फरकाची आहे. तो जितका लहान, तितका सुटकेला वेळ जास्त, आणि तो किती लहान असावा याला खालची मर्यादा नाही.

यातून सुटका नाही हे एका साध्या विचारानेही पटतं. सिग्नल ठोक्याच्या बराच आधी बदलला, तर फ्लिप-फ्लॉप नवी किंमत धरतो. बराच नंतर बदलला, तर जुनी धरतो. बदलाचा क्षण आपण आधीकडून नंतरकडे अगदी हळूहळू सरकवत नेला, तर मध्ये कुठेतरी निकाल पालटतो. त्या बिंदूच्या जवळ जाल तसा निकालाला लागणारा वेळ वाढतो. म्हणून ‘इतक्या वेळात उत्तर नक्की मिळेल’ अशी हमी कोणतंही सर्किट देऊ शकत नाही. यावर युक्त्या खूप सुचवल्या गेल्या. कुणी म्हणालं, सर्किटमध्ये मुद्दाम थोडा विद्युत गोंगाट मिसळावा, म्हणजे तोल ढळेल. पण गोंगाट जितक्या वेळा फ्लिप-फ्लॉपला मध्यावरून ढकलतो, तितक्याच वेळा तो त्याला मध्यावर आणूनही सोडतो.

अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत थॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नार यांनी ऑसिलोस्कोपवर या घुटमळीचे फोटो काढले आणि १९७३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केलं. डिजिटल सर्किट ० आणि १ यांच्या मध्ये रेंगाळू शकतं, हे तोवर अनेक अभियंत्यांना पटत नसे. त्या फोटोंमुळे हा प्रश्न मतांचा राहिला नाही, मोजमापाचा झाला. मला या कामाचं मोल फार वाटतं, कारण जो दोष क्वचित दिसतो तो ‘आहे’ हे सिद्ध करणंच सर्वांत कठीण असतं.

आता आपल्या मापकाकडे वळू. तार सेकंदाला सुमारे एक लाख वेळा बदलते असं धरू. १,१५,२०० बॉडच्या सिरियल तारेवर असं सहज घडतं. फ्लिप-फ्लॉपचा नाजूक काळ १०० पिकोसेकंद आणि टाऊ २०० पिकोसेकंद धरू. हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत. प्रत्येक चिपचे वेगळे असतात. १० नॅनोसेकंद म्हणजे १०,००० पिकोसेकंद, त्यातले १०० नाजूक. म्हणजे शंभरातला एक बदल नाजूक काळात सापडतो, आणि लाख बदलांमागे सेकंदाला हजार वेळा फ्लिप-फ्लॉप कचाट्यात येतो.

यातले बहुतेक प्रसंग क्षणात मिटतात. प्रश्न एवढाच की उत्तर वापरलं जाण्याआधी किती वेळ मिळतो. एकच फ्लिप-फ्लॉप ठेवला आणि त्याचं उत्तर पुढच्या गेटांमधून जायला ७ नॅनोसेकंद लागत असतील, तर सावरायला उरतात ३ नॅनोसेकंद, म्हणजे १५ टाऊ. इतक्या वेळानंतरही अडकून राहण्याची शक्यता सुमारे ३३ लाखांत एक. ऐकायला फारच कमी वाटते. पण सेकंदाला हजार प्रसंग आहेत, त्यामुळे दर ५५ मिनिटांनी सरासरी एकदा चूक होते.

चूक म्हणजे नेमकं काय? उशिरा ठरलेलं उत्तर पुढे दोन ठिकाणी वाचलं जातं. एका ठिकाणी ते ० म्हणून पोचतं, दुसऱ्या ठिकाणी १ म्हणून. चिपचा एक भाग समजतो की नवा संदेश सुरू झाला, दुसरा समजतो की अजून काही आलेलंच नाही. दोघांच्या मिळून झालेल्या अवस्थेतून बाहेर पडायची वाट रचनाकाराने आखलेलीच नसते. दर वेळी यंत्र अडकेल असं नाही, कधी एखादाच आकडा चुकतो. पण सुरुवातीला सांगितलेलं दुखणं असंच उद्भवतं.

यावरचा रूढ उपाय म्हणजे दोन फ्लिप-फ्लॉपचा सिंक्रोनायझर. पहिला बाहेरची तार वाचतो. त्याचं उत्तर कुठेही न नेता थेट दुसऱ्याला द्यायचं, आणि उरलेल्या चिपने फक्त दुसऱ्याचं ऐकायचं.

```verilog
(* ASYNC_REG = "TRUE" *) reg s1, s2;
always @(posedge clk) begin
  s1 <= rx;
  s2 <= s1;
end
```

दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपमध्ये खास शक्ती काही नाही. पहिल्याला सावरायला जवळपास पूर्ण एक ठोका मिळतो, एवढंच त्याचं काम. मधली जोडणी आणि दुसऱ्याची पूर्वतयारी यांत अर्धा नॅनोसेकंद गेला असं धरलं, तर ३ ऐवजी साडेनऊ नॅनोसेकंद हाती येतात. १५ टाऊचे साडेसत्तेचाळीस टाऊ झाले. दोन चुकांमधला सरासरी काळ काढायचं सूत्र असं आहे :

```
MTBF = e^(t/τ) / (Tw × fclk × fdata)
```

वर t म्हणजे सावरायला मिळालेला वेळ. खाली नाजूक काळ, क्लॉकचा वेग आणि तार बदलण्याचा वेग यांचा गुणाकार, म्हणजे आपले सेकंदाचे हजार प्रसंग. वेळ घातांकात बसलेला आहे, सगळी किमया तिथेच आहे. आपले आकडे घातले तर ५५ मिनिटांच्या जागी सुमारे १,३५० कोटी वर्षं येतात, जवळपास विश्वाच्या वयाइतकी. तिप्पट वेळ मिळाला आणि एवढा फरक पडला.

पण हाच घातांक उलटाही फिरतो. तीच रचना, तेच फ्लिप-फ्लॉप घेऊन क्लॉक ४०० मेगाहर्ट्‌झ केलं, तर ठोका अडीच नॅनोसेकंदांचा होतो आणि सावरायला उरतात २ नॅनोसेकंद. आता सरासरी साडेपाच सेकंदांत एक चूक! तिसरा फ्लिप-फ्लॉप जोडला तर सुमारे ३४ तास, चौथा जोडला तर जवळजवळ ८५ वर्षं. वेगवान चिपमध्ये टाऊही लहान असतो, म्हणून प्रत्यक्षात परिस्थिती इतकी वाईट नसते. तरी व्होल्टेज कमी केलं की टाऊ वाढतो, आणि वीज वाचवणाऱ्या चिपमध्ये हे विसरून चालत नाही. ‘दोन लावले की झालं’ हा नियम पाठ करण्यापेक्षा आपल्या चिपचे आकडे घालून हिशेब करणं कितीतरी बरं.

या उपायाच्या मर्यादाही कळायला हव्यात. दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपमधून स्वच्छ ० किंवा १ बाहेर येतो, पण तो जुना की नवा याची खात्री नसते. बदल एक ठोका उशिरा दिसू शकतो. म्हणून तारेवरची प्रत्येक किंमत एका ठोक्यापेक्षा जास्त काळ टिकायला हवी, नाहीतर ती हातून निसटेल. आपल्या सिरियल तारेवर एक बिट आठ मायक्रोसेकंदांहून जास्त टिकतो, तिथे ही काळजी नाही.

खरी फसगत होते ती अनेक तारा एकदम आणताना. चार तारांवरची संख्या ०१११ वरून १००० झाली, तर चारही तारा बदलतात. प्रत्येकीला वेगळा सिंक्रोनायझर लावला, तरी काही तारा नवी किंमत दाखवतील, काही जुनी, आणि एका ठोक्यापुरती कधीच अस्तित्वात नसलेली संख्या, समजा ११११, आत शिरेल. अशा ठिकाणी ग्रे कोड वापरतात, कारण त्यात शेजारच्या दोन संख्यांमध्ये एकच तार बदलते.

हे सगळं नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये दिसत नाही. तिथे सिग्नल ० असतो किंवा १ असतो, मधली घुटमळ नसतेच. आणखी एक धोका असतो. आपण लिहिलेले दोन फ्लिप-फ्लॉप चिपवर एकमेकांपासून लांब जाऊन पडले, किंवा सॉफ्टवेअरने ते दुसऱ्याच एखाद्या घटकात मुरवून टाकले, तर मिळालेला वेळ वायाच जातो. वरच्या कोडमधली `ASYNC_REG` ही खूण व्हिवाडो सॉफ्टवेअरला सांगते की हे दोघे जवळ ठेव आणि यांना हात लावू नको.

तुम्ही बोर्ड किंवा चिपची रचना करत असाल, तर एक काम आजच करा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तारेवर बोट ठेवा, बटणाच्या आणि रीसेटच्यासुद्धा, आणि ती आत किती ठिकाणी वाचली जाते ते मोजा. उत्तर ‘एक’ यायला हवं, आणि ती एक जागा म्हणजे सिंक्रोनायझरचा पहिला फ्लिप-फ्लॉप.