आधी जखडा, मग सोडा

दोन खांबांवर टेकलेल्या साध्या बीमचा भार कोणत्या खांबावर किती जातो, हे तराजूच्या गणिताने निघतं. तोच बीम मधल्या खांबावरून सलग पुढे गेला की ते गणित तोकडं पडतं. आधार वाढतात, पण समतोलाची समीकरणं तेवढीच राहतात. आता भाराची वाटणी बीम कुठे किती वाकतो यावर ठरते. या अडचणीतून काढलेली वाट मला फार देखणी वाटते: जे प्रत्यक्षात नाही ते आधी कल्पायचं आणि मग काढून टाकायचं.

एक बीम घेऊ. त्याची A आणि C ही टोकं जाड काँक्रीट भिंतींमध्ये घट्ट बसवली आहेत. मधला आधार B हा खांब. तिथे बीम खाली जात नाही, पण किंचित वळू शकतो. डावा गाळा 4 मीटरचा, उजवा 6 मीटरचा. दर मीटरला 24 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 2.4 टनांचा सारखा पसरलेला भार आहे.

B पाशीही बीम जखडून ठेवला आहे असं समजा. मग दोन्ही गाळे एकमेकांपासून सुटे होतात आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं पक्की ठरतात. अशा गाळ्याच्या टोकाला `wL²/12` इतका मोमेंट, म्हणजे वळण रोखणारा जोर येतो. डाव्या गाळ्यासाठी तो 32 किलोन्यूटन-मीटर, उजव्यासाठी 72. हेच फिक्स्ड एंड मोमेंट. B वर ते परस्परविरुद्ध दिशांनी येतात, त्यामुळे आपल्या काल्पनिक पकडीला 40 चा फरक धरून ठेवावा लागतो.

आता पकड सोडू. लांब गाळ्याची ओढ जास्त असल्याने B त्याच्या बाजूला, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळेल. किती वळेल, ते स्टिफनेस मॅट्रिक्स सांगते:

```
         | 12    6L   -12    6L  |
EI/L³ ×  | 6L    4L²  -6L    2L² |
         | -12  -6L    12   -6L  |
         | 6L    2L²  -6L    4L² |
```

हे कोष्टक स्तंभ धरून वाचायचं. दुसरा स्तंभ म्हणजे डावं टोक एका एककाने वळवायचं, बाकी काहीच हलू द्यायचं नाही; त्यासाठी त्या टोकाला `4EI/L` मोमेंट लागतो आणि पलीकडच्या टोकाला त्याच्या निम्मा, `2EI/L`, उमटतो. `E` हा मालाचा ताठपणा आणि `I` छेदाच्या आकाराचा. B वर दोन्ही गाळे विरोध करतात, म्हणून त्यांची बेरीज: `4EI/4 + 4EI/6`, म्हणजे `1.667 EI`. 40 ला याने भागलं की वळण `24/EI` येतं. 230 बाय 450 मिलिमीटरचा, एम-25 काँक्रीटचा बीम धरला, तर ते जेमतेम 0.03 अंश भरतं.

एवढंसं वळण, पण त्याने आकडे बदलतात. डाव्या गाळ्यात B पाशी 32 मध्ये 24 मिळून 56 होतात. उजव्यात 72 मधून 16 जाऊन 56 उरतात. दोन्ही बाजू जुळल्या. निम्मा परिणाम दूरच्या टोकांना पोचतो, म्हणून A वर 32 चे 20 होतात, C वर 72 चे 80. आधारांवर अनुक्रमे 39, 125 आणि 76 किलोन्यूटन येतात. बेरीज 240, म्हणजे 10 मीटरवरचा पूर्ण भार.

ही बेरीज नेहमी करावी. वळणापासून आलेले आकडे काढून झाल्यावर फिक्स्ड एंडचे आकडे परत मिळवायचे राहून जातात, ही विद्यार्थ्यांची हमखास चूक. तसं झालं तर आधारांची बेरीज 240 ऐवजी शून्य येते. बीमने भार पेललाच नाही असं उत्तर सांगत असेल, तर काय विसरलं हे लगेच कळतं.

या उदाहरणात दोन्ही गाळ्यांचा `EI` सारखाच असल्याने मोमेंटमधून तो गळून जातो. म्हणजे बीम कितीही ताठ असला तरी 20, 56, 80 तेच राहतात. पण हे आधार जागचे हलत नाहीत तोवरच. B खालचा पाया 5 मिलिमीटर खचला, तर त्याच मॅट्रिक्सचे `6EI/L²` हे आकडे कामाला लागतात. वरच्याच बीमसाठी गणित केलं की A वरचा मोमेंट 20 वरून सुमारे 88 वर जातो, C वरचा 80 वरून सुमारे 125 वर, आणि B वरचा जवळपास संपतो. प्रत्यक्षात काँक्रीटला भेगा पडतात, ते सावकाश ढिलंही पडतं, त्यामुळे परिणाम काहीसा कमी होतो. इथे मात्र बीम जितका ताठ, तितका हा जास्तीचा मोमेंट मोठा. म्हणून खचणाऱ्या जमिनीवर नुसता जाड बीम घेऊन भागत नाही. पाया किती खचेल याचा अंदाज गणितात आधीच घालावा लागतो.