माल इचलकरंजीला, बिल बेळगावला

कोल्हापुरातला एक केबल व्यापारी घ्या. त्याचं बेळगावचं गिऱ्हाईक फोनवर सांगतं, ‘बिल आमच्या नावानं करा, पण माल थेट इचलकरंजीला आमच्या पार्टीकडे उतरवा.’ केबल दोन लाख रुपयांची, कर १८ टक्के, म्हणजे ३६ हजार रुपये. टेम्पो महाराष्ट्राची हद्द ओलांडत नाही. बिलावर कोणता कर लागेल?

बहुतेकांचं उत्तर असतं, माल राज्यातच राहिला, म्हणजे ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. ईआरपीची मांडणी करणाऱ्यानं कराचा कोड ‘डिलिव्हरीचा पत्ता’ या रकान्याला जोडला असेल, तर संगणकही तेच उत्तर देतो. ते चूक आहे. कायद्यात याला ‘पुरवठ्याचं ठिकाण’ म्हणतात. तिसऱ्याच्या सांगण्यावरून माल दुसरीकडे पोचवला, तर आयजीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(ख) प्रमाणे हे ठिकाण म्हणजे त्या सांगणाऱ्याच्या व्यवसायाचं मुख्य ठिकाण. इथे ते बेळगाव, म्हणजे कर्नाटक. म्हणून पूर्ण १८ टक्के आयजीएसटी लागतो.

दोन्ही रीतींनी आकडा ३६ हजारच येतो, म्हणून कोल्हापुरात ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. फटका बेळगावला बसतो. तिथल्या व्यापाऱ्याला दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे विवरण मिळतं. पुरवठादाराचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण दोन्ही महाराष्ट्र, घेणारा मात्र कर्नाटकचा, असं बिल त्यात ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या भागात जाऊन बसतं. बेळगावकराला स्वतःच्या विक्रीवरचा कर मग पूर्ण खिशातून भरावा लागतो. तो चिडून फोन करतो, तेव्हा कोल्हापूरकराला क्रेडिट नोट काढून आयजीएसटीचं नवं बिल द्यावं लागतं.

म्हणून मांडणी करताना प्रत्येक बिलावर तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: बिल कोणाला, माल कुठे आणि पुरवठ्याचं ठिकाण कोणतं. कराचा कोड या तिसऱ्या रकान्यावरूनच ठरावा. पार्टीच्या नोंदीत जीएसटी क्रमांक भरला, की त्याचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकचे २९. चाचणीसाठी नेहमीची दहा बिलं करून भागत नाही. वरच्यासारखं एक आडवं बिल मुद्दाम करून पाहावं. माझ्या मते ईआरपी सुरू करण्यापूर्वीची सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच आहे.

बिलाच्या क्रमांकाचं एवढंच सांभाळायचं: तो १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. `MH/KOP/2025-26/00451` दिसायला छान, पण त्यात २० अक्षरं आहेत. `KOP/2526/00451` चालतो.

आता खरेदीची बाजू. माल आला, बिल नोंदवलं, की कराची रक्कम थेट ‘इनपुट क्रेडिट’ खात्यात टाकायची, ही जुनी सवय. जानेवारी २०२२ पासून ती धोक्याची झाली आहे. पुरवठादारानं आपल्या विवरणात बिल दाखवलं नसेल, तर ते आपल्या २बीमध्ये येत नाही, आणि तोवर क्रेडिट घेता येत नाही. यावर साधी तोड म्हणजे दोन खाती. खरेदी नोंदवताना कर ‘प्रलंबित इनपुट’ खात्यात जावा. १४ तारखेनंतर २बी उतरवून जुळवणी करायची, आणि जुळलेली बिलं तेवढी ‘उपलब्ध इनपुट’मध्ये वळवायची. महिन्याचं ३बी विवरण या दुसऱ्या खात्यावरूनच भरावं.

जुळवणी जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि कराची रक्कम यांवर होते, आणि बहुतेक वेळा अडतं ते बिल क्रमांकावर. छापील बिलावर `A/0045` असतं, नोंद करणारा नुसतं `45` टाकतो, आणि पुरवठादारानं कर भरूनही बिल प्रलंबित राहतं. खरेदीच्या नोंदीत क्रमांक बिलावर आहे तसाच उतरवण्याची सक्ती हवी. त्यासाठी सॉफ्टवेअर बदलावं लागत नाही, नोंद करणाऱ्याला कारण समजावून सांगितलं तरी पुरतं.

यानंतरही ‘प्रलंबित’ खात्यात उरतात ती खरी थकलेली बिलं. त्यांची पुरवठादारनिहाय यादी दर महिन्याला मालकासमोर यावी, आणि त्या पुरवठादाराला पैसे देताना कराएवढी रक्कम थांबवायची का, हे तिथेच ठरवावं. पण पूर्ण रक्कम फार काळ अडवून चालत नाही, कारण बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. आणि मार्च २०२६ चं बिल ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर तोपर्यंत जुळलं नाही, तर त्यावरचा कर प्रलंबित खात्यातून काढून खर्चाला टाकावा लागतो.