कंबरदुखीचे मलम

वेदनाशामक मलमांच्या गर्दीत ‘आमचे मलम लवकर आराम देते’ हे वाक्य निरुपयोगी ठरते, कारण त्यात दुसऱ्या ब्रँडचे नाव घातले तरी ते तितकेच खरे वाटते. वेगळेपण ओळखण्याची सर्वात सोपी कसोटी हीच.

भारतात आयोडेक्सचे नाव मुरगळणे, लचकणे, मुका मार अशा सगळ्याच दुखण्यांशी जोडलेले होते. अहमदाबादच्या पारस कंपनीने मूव्हच्या जाहिरातींत त्यातले एकच दुखणे उचलले, कंबरदुखी; आणि दाखवली ती घरकामात वाकणारी गृहिणी. त्यामुळे ‘मूव्ह म्हणजे कंबरदुखीचे मलम’ हे ग्राहकाला न शिकवता सांगता येऊ लागले. भेगाळलेल्या टाचांसाठी क्रॅक आणताना कंपनीने हीच रीत वापरली. पुढे 2010 मध्ये रेकिट बेंकिझरने पारस विकत घेण्याचा करार केला.

अशा निवडीत इतर दुखण्यांचे ग्राहक गमावण्याची भीती असते. प्रत्यक्षात कंबरेसाठी आणलेली ट्यूब गुडघ्यालाही लावली जातेच. खरा धोका वेगळा: निवडलेली तक्रार फार थोड्यांना असेल, तर वाक्य लक्षात राहते, पण विक्री तेवढ्यावरच अडते.