गाडी कमी चालते, मग ऑइल का बदलायचं?



आमच्या शाळेतले एक सर परवा स्टाफरूममध्ये मोठ्या समाधानाने सांगत होते, "माझी गाडी ऑइल पीतच नाही. अडीच वर्षं झाली, पट्टीवरची पातळी तसूभर खाली गेली नाही. उलट थोडी वरच आहे!" गाडी छोटी, पेट्रोलची. घर ते शाळा 3 किलोमीटर, चोपड्यातल्या चोपड्यात. मीटरवर या अडीच वर्षांत जेमतेम साडेचार हजार किलोमीटर वाढलेले. पुस्तिकेत 10,000 किलोमीटरला ऑइल बदला असं लिहिलंय, म्हणजे अजून निम्मंही झालं नाही, असा त्यांचा हिशोब.

खरं तर काळजी करण्यासारखी गोष्ट हीच, की पातळी वर गेली. इंजिनात ऑइल आपोआप तयार होत नाही. वर कोणी ओतलं नसेल आणि पातळी वाढली असेल, तर दुसरं काहीतरी त्यात मिसळतंय. बहुतेक वेळा ते पेट्रोल असतं.

पेट्रोल ऑइलमध्ये जातं कसं?

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की सगळं पेट्रोल नीट वायुरूप होत नाही. म्हणून गाडी स्वतःच पेट्रोलचं प्रमाण वाढवते. त्यातलं काही थेंबरूपाने सिलिंडरच्या थंड भिंतीला चिकटतं. पिस्टनच्या रिंगाही अजून पुरत्या तापून प्रसरण पावलेल्या नसतात. त्यामुळे हे न जळलेलं पेट्रोल भिंतीवरून ओघळत, रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या टाकीत उतरतं. ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफही त्याच वाटेने जाते आणि थंड भागावर तिचं पाणी होतं.

हे प्रत्येक इंजिनात रोज घडतं. मग सगळ्यांची इंजिनं का बिघडत नाहीत? कारण लांबच्या प्रवासात ऑइल 90 अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापतं. त्या तापमानाला पेट्रोलचा हलका भाग आणि पाणी उडून जातं. ती वाफ एका नळीतून पुन्हा इंजिनात ओढली जाते आणि जळते.

सरांच्या गाडीत ही दुसरी पायरीच येत नाही. 3 किलोमीटरला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर येऊ लागतो आणि आपल्याला वाटतं, इंजिन तापलं. पण तो काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. ऑइल बरंच मागे असतं. मग गाडी बंद, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा थंड.

कोणी म्हणेल, "आपल्याकडे कसली थंडी? मे महिन्यात तर अंगाची लाही होते." बरोबर, उन्हाळ्यात हे प्रमाण कमी असतं. पण 90 अंशांच्या मानाने 40 अंशांचं इंजिनसुद्धा थंडच. आणि डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याकडून गार वारं सुटतं, त्यात शनिवारची सकाळची शाळा, तेव्हा पेट्रोल जास्तच उतरतं.

सरांच्या गाडीचा हिशोब

वर्षाला साधारण 220 दिवस शाळा, रोज दोनदा गाडी सुरू. म्हणजे 440 थंड सुरुवाती. अडीच वर्षांत 1,100. किलोमीटर मोजले तर गाडी विश्रांती घेतेय असं वाटतं, सुरुवाती मोजल्या तर ती खूप राबली आहे.

आता पट्टी बघू. इंजिनात ऑइल 3.1 लिटर. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत या गाडीला सुमारे 1 लिटरचा फरक, आणि खुणांमधलं अंतर 20 मिलिमीटर. म्हणजे 1 मिलिमीटरला 50 मिलिलिटर. ऑइल भरलं तेव्हा पातळी बरोबर वरच्या खुणेवर होती, आता 3 मिलिमीटर वर आहे. म्हणजे सुमारे 150 मिलिलिटर जास्त, जवळपास 5 टक्के. शिवाय थोडं ऑइल जळून कमीही झालं असणार. तेव्हा खरी भेसळ याहून जास्तच असेल.

ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळा साधारण 2 टक्क्यांपुढे लक्ष ठेवायला सांगतात. 5 टक्क्यांच्या आसपास गेलं तर बदला म्हणतात. कारण तेवढ्या पेट्रोलने ऑइल चांगलंच पातळ होतं. बेअरिंग आणि कॅम यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळसा थर असतो तो कमकुवत होतो आणि धातूवर धातू घासू लागतो. ऑइलमधली झीज रोखणारी आणि आम्ल मारणारी रसायनंही विरळ होतात.

मग एकदा जळगावला फिरवून आणली तर?

फायदा होतो. पन्नासेक किलोमीटर सलग चालली की ऑइल चांगलं तापतं, पाणी आणि हलकं पेट्रोल उडतं. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तासाची फेरी झाली तर पातळी सहसा वाढत नाही. पण पेट्रोलचा जड भाग मागे राहतो, आणि खर्च झालेली रसायनं परत येत नाहीत. म्हणजे फेरीने साचणं थांबतं, जुनं ऑइल नवं होत नाही.

उभ्या गाडीचं इंजिन पाच-दहा मिनिटं चालू ठेवणं मात्र उलटं पडतं. तसं इंजिन फार हळू तापतं आणि तेवढा वेळ जास्तीचं पेट्रोल जात राहतं. सुरू करून अर्ध्या मिनिटात, जोर न देता निघावं हे बरं.

तर किती दिवसांनी बदलायचं?

पुस्तिकेतलं वाक्य पूर्ण वाचा. बऱ्याच गाड्यांना "10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. आपण पहिला अर्धा भागच लक्षात ठेवतो. त्यापुढे कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो, आणि वारंवार छोट्या फेऱ्या त्यातच मोडतात. गाडी फक्त गावातल्या गावात फिरत असेल तर किलोमीटर विसरा आणि सहा महिने धरा. आठवड्याला लांब फेरी होत असेल तर वर्षभर चालेल, त्यापुढे नाही.

डीझेलवाल्यांनी जास्त जपावं. बीएस 6 डीझेल गाडी धुराचा फिल्टर साफ करण्यासाठी जादा डीझेल सोडते. छोट्या फेरीत ते काम अर्धवट राहतं आणि डीझेल ऑइलमध्ये उतरतं. ते पेट्रोलसारखं सहज उडत नाही. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनांनाही हा त्रास जास्त. 2018 मध्ये उत्तर चीनच्या कडाक्याच्या थंडीत होंडाच्या 1.5 लिटर टर्बो इंजिनांत ऑइलची पातळी वाढल्याच्या तक्रारी आल्या आणि लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, पण कारण तेच.

घरी कसं ओळखायचं?

महिन्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागी पट्टी पुसून पुन्हा घाला आणि पातळी वहीत लिहा. पातळी वाढतेय आणि पट्टीला पेट्रोलचा वास येतोय, तर तारखेची वाट न बघता ऑइल बदला. झाकणाखाली पिवळट साय दिसली तर ते पाणी. छोट्या फेऱ्यांनी तसं होतंच, पण पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असेल तर कूलंट गळत असू शकतं, मिस्त्रीला दाखवा. रंगावर जाऊ नका. काळं ऑइल चांगलं असू शकतं आणि स्वच्छ दिसणारं पातळ झालेलं असू शकतं.

सरांनी त्याच रविवारी ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलं. आता त्यांच्या वहीत किलोमीटरच्या शेजारी तारीखही असते.